चतुर्थीच्या वाटेवर, उलटे मोजे घालून

रत्नागिरीहून गणपतीपुळ्याला संकष्टीची पायी वारी मी बारा वर्षं करतोय. शिरगाव, बसणी, आरे, वारे, नेवरे, भंडारपुळे अशी साधारण पंचवीस किलोमीटरची समुद्राकडेची वाट. आमची सात-आठ जणांची मंडळी, सगळ्यांत मोठे अण्णा, आणि मधुमेहाचा मी एकटा. गेल्या वर्षी वैशाखातली संकष्टी मी अनवाणी चाललो. मुलीचं लग्न ठरावं म्हणून नवस बोललो होतो, लग्न ठरलं, आणि नवस फेडायला निघालो.

डांबरी रस्त्यावर मी कडेच्या गवतातून चालत होतो, म्हणून मला वाटत होतं की पाय जपतोय. पुळ्याला पोचायला दुपार झाली. तिथे डोंगरालाच देव मानतात, म्हणून प्रदक्षिणा देवळाभोवती नाही तर पुऱ्या डोंगराभोवती, दगडी फरसबंदीवरून. अण्णा दर दहा पावलांना सावली शोधत होते, पाय उचलून उचलून टाकत होते. मी सरळ चालत होतो. मला कौतुक वाटलं स्वतःचं, देवाने बळ दिलं म्हणून. खरं तर पायाला काही कळतच नव्हतं.

रात्री घरी न्हाणीतून बाहेर आलो तेव्हा बायको म्हणाली, "अहो, थांबा, ही लादी ओली कशाने झाली?" माझ्या मागे ओटीवर ओल्या पावलांच्या खुणा होत्या, पण पाय तर मी पुसले होते. उजव्या पायाच्या चवड्याखाली रुपयाएवढा फोड फुटून गेला होता, डाव्या अंगठ्याखाली दुसरा भरलेला होता. मला एवढंसुद्धा दुखत नव्हतं. तो उजवा चवडा भरायला नऊ आठवडे गेले. ड्रेसिंगपेक्षा त्या पायावर भार न देणं जास्त कठीण गेलं, आणि जखम भरते ती त्यानेच.

डॉक्टरांनी तेव्हा एक तपासणी केली, ती खरं तर दरवर्षी व्हायला हवी होती. नायलॉनचा एक जाडसर धागा असतो, दहा ग्रॅम दाबाला तो वाकतो. मी डोळे मिटले, डॉक्टर तो धागा तळव्याला एकेका ठिकाणी वाकेपर्यंत टेकवत गेले, आणि "लागलं की हो म्हणा" म्हणाले. मी वाट बघत बसलो. डोळे उघडले तर तपासणी संपली होती. अंगठा आणि चवडा, दोन्ही पायांना, मी कुठेच हो म्हटलं नव्हतं. बरीच वर्षं साखर वाढलेली राहिली की पायाच्या लांब नसा आधी जातात. मग काटा, चटका, घट्ट चप्पल यांपैकी कशाचाच निरोप वर पोचत नाही. चांगला पाय दुखला की माणूस नकळत लंगडतो, पाऊल तिरकं टाकतो, त्या जागेला विसावा देतो. आमचा पाय त्याच फोडावर दिवसभर चालत राहतो.

मग त्यांनी विचारलं, "घरात काय घालता?" मी म्हटलं, "घरात कशाला काय घालायचं?" त्यांचं म्हणणं असं की वारी महिन्यातून एक दिवस, बाकीची पावलं सगळी घरात आणि खळ्यातच पडतात. घरी येऊन मी खळ्यात नीट पाहिलं. झाडलेल्या, सारवलेल्या खळ्यात करवंटीची कपची होती, सुपारीचं टरफल होतं, आणि माडाच्या झावळीच्या हिरांचे तुकडे होते. हीर सुईसारखा शिरतो आणि आत मोडतो. बाहेरून टिंबाएवढं दिसतं, पण आत पू धरतो. चांगल्या पायाचा माणूस लगेच खाली बसून काढतो, मला तो आठवड्याने सुजेवरून कळला असता.

बायकोचा आक्षेप होता की माजघरात, देवघराजवळ चप्पल नको. तिचं म्हणणं मला पटत होतं, पण पायही मला हवा होता. शेवटी एक जोड फक्त घरातला केला, जो उंबऱ्याबाहेर कधी जात नाही. पलंगाखाली तोच असतो, म्हणजे रात्री उठलो तरी पहिलं पाऊल त्यातच पडतं. देवघरापुढे जाड सतरंजी अंथरली, तिच्या कडेला चप्पल काढतो, खाली बघून बसतो, आणि उठल्यावर घालूनच निघतो.

वारीसाठी पादत्राण निवडायला मात्र दोन महिने लागले. आधी संध्याकाळी, पाय थोडे सुजलेले असताना, जाड कागदावर उभा राहून मुलाकडून दोन्ही पाय आखून घेतले. पेन्सिल सरळ उभी धरायची, आत वळवायची नाही. उजवा पाय २६.२ सेंटिमीटर निघाला, डावा २६.६. म्हणजे माप डाव्याचं धरायचं. आकार कापून माझ्या जुन्या बुटात सरकवला तर करंगळीच्या बाजूला कागद दुमडला. म्हणजे कित्येक वर्षं माझी करंगळी तशीच दुमडून बसत होती, आणि तिच्यावरचा घट्टा मी चालून चालून आलेला समजत होतो.

बुटाची आतली लांबी सर्वांत लांब बोटापेक्षा एक ते दोन सेंटिमीटर जास्त हवी, म्हणजे माझ्यासाठी पावणेअठ्ठावीसच्या आसपास. एक सेंटिमीटरपेक्षा कमी असेल तर उतारावर नखं पुढे आपटतात. फार सैल असेल तर टाच आत घासते. रुंदी पायाच्या सर्वांत रुंद भागाएवढीच, आणि बोटांवर उंची इतकी की वरून चामडं बोटांना टेकू नये. हे सगळं उभं राहून बघायचं, बसून नाही, कारण भार पडला की पाय पसरतो.

अंगठ्याची चप्पल मी कायमची सोडली. तिचा पट्टा अंगठा आणि शेजारच्या बोटाच्या बेचक्यात घासतो, आणि ती पायात टिकावी म्हणून बोटं सतत आकसून धरावी लागतात. शिवाय बधिर पायातून ती निसटली तर कळत नाही. मी मागे टाचेला पट्टा असलेली, वर दोन रुंद व्हेल्क्रोच्या पट्ट्यांची सँडल बनवून घेतली. आत एमसीआरचा तळ, म्हणजे बारीक बुडबुड्यांचं मऊ रबर, आणि खाली कडक रबर, कारण मऊ तळातून काटा सरळ वर येतो. वेल्लोरला डॉ. पॉल ब्रँड यांनी संवेदना गेलेल्या कुष्ठरुग्णांच्या पायांवर जे काम केलं, त्या परंपरेतलं हे रबर. आजार वेगळा, पण पायाची अडचण तीच. अंगठ्याने दाबलं की ते थोडं बसतं आणि परत वर येतं. वर येणं थांबलं की तळ बदलायचा. पण उघड्या सँडलमध्ये वाळू आणि खडे शिरतात, म्हणून वारीच्या लांब वाटेला मी बंद, रुंद पंज्याचे बूट घेतले आणि सँडल पिशवीत ठेवली. नवे बूट पहिल्या दिवशी एक तास, दुसऱ्या दिवशी दोन, असे घरात वाढवत नेले. दर वेळी काढल्यावर लाल डाग कुठे आहे ते बघायचं. वीस मिनिटांत गेला नाही तर ती जागा कारागिराला दाखवायची.

मोज्यांत मी आधी चुकलो. शुद्ध सुती चांगले असं वाटून तेच घेतले, पण कोकणच्या दमटात सुती मोजा घामाने भिजला की भिजलेलाच राहतो, आणि ओली कातडी लवकर सोलते. आता सूत आणि पॉलिस्टरचं मिश्रण घेतो, तळाला जाडसर. वरचा पट्टा सैल हवा, काढल्यावर पोटरीवर वळ उठला तर तो जोड बाद. रंग पांढराच, कारण दुखणं सांगणार नाही ते रक्ताचा किंवा पाण्याचा डाग सांगतो. आणि मोजे उलटे घालतो, बोटांवरची शिवण बाहेर येते. अण्णांनी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा "मोजे उलटे झालेत हो" म्हणून थांबवलं, मग त्यांना सगळं सांगितलं.

या वर्षी मार्गशीर्षातल्या संकष्टीला पुन्हा निघालो. संकष्टीचा उपास करणं डॉक्टरांशी बोलून आधीच बंद केलं होतं. वाट दोन दिवसांत केली, नेवऱ्याला मुक्काम. दर तासाभराने बूट काढायचे, हाताने आतून चाचपायचे, तळवे छोट्या आरशात बघायचे, दोन्ही पायांच्या त्याच त्याच जागेला हाताची मागची बाजू लावायची. एक जागा दुसऱ्या पायापेक्षा गरम लागली तर ती आतून दुखावतेय असं धरायचं. आरे-वारेच्या चढावर थांबलो तेव्हा उजव्या बुटात जांभ्याचा ज्वारीच्या दाण्याएवढा खडा मिळाला. मोज्यावर चवड्याखाली तांबूस ठिपका होता. माझा जीव वर आला, पण ती मातीच होती, कातडी फक्त लाल. अर्धा तास तिथेच बसलो. लाली गेली, मोजे बदलले, मग निघालो.

पहाटे पाचला नेवरे सोडलं आणि ऊन चढायच्या आत देवळात पोचलो. बूट बाहेर काढले, जाड मोज्यांनिशी सभामंडपात गेलो. मोजा म्हणजे चप्पल नव्हे, त्यातून काटा येतो, चटका येतो, आणि गुळगुळीत लादीवर घसरायला होतं, म्हणून मुलाच्या खांद्यावर हात ठेवून, खाली बघत, तेवढंच अंतर. आधी त्याने लादीला हात लावून बघितला, थंड होती. प्रदक्षिणा मी केली नाही. बाकीचे निघाले, मी परत बूट चढवून समुद्राकडच्या बाजूला उभा राहून डोंगराला हात जोडले. अण्णा म्हणाले, "मी तुझ्या नावाची घालतो."

रात्री घरी बायकोने चारही मोजे दिव्याखाली धरले, उलटे-सुलटे करून बघितले, आणि मगच बादलीत टाकले.