रत्नागिरी-सिंधुदुर्गचा मानव विकास निर्देशांक काढताना: माझा अनुभव

जिल्ह्याचा मानव विकास निर्देशांक काढायचा म्हटलं की बहुतेक जण थेट उत्पन्नाच्या आकड्याकडे धावतात. कोकणात मी सुरुवात लोकसंख्येपासून करतो. चाकरमान्यांच्या या पट्ट्यात निम्मे घोटाळे भागाकारात खाली काय घेतलं यातूनच होतात.

२०११ च्या जनगणनेत रत्नागिरीची लोकसंख्या १६,१५,०६९ भरली. २००१ च्या मानाने ती ४.८२ टक्क्यांनी घटली होती. सिंधुदुर्गही घटला. त्याच दहा वर्षांत महाराष्ट्र मात्र १५.९९ टक्क्यांनी वाढला. त्यानंतर जनगणना न झाल्यामुळे पुढच्या प्रत्येक वर्षासाठी अंदाजित लोकसंख्याच वापरावी लागते. हा अंदाज राज्याच्या वाढीच्या दराने केला तर २०२१ मध्ये रत्नागिरीत १८.७ लाख माणसं येतात. जिल्ह्याची स्वतःची घट पुढे चालवली तर १५.४ लाख येतात. जिल्ह्याचं एकूण उत्पन्न तेच राहतं, पण दरडोई उत्पन्नात जवळपास २२ टक्क्यांचा फरक पडतो. म्हणून कुठलाही तयार दरडोई आकडा हाती आला की मी आधी एकूण जिल्हा उत्पन्न शोधतो आणि भागून खालची लोकसंख्या उलटी काढून बघतो. ती २०११ पेक्षा बरीच जास्त निघाली तर तो आकडा तसाच घेत नाही.

मूळ पद्धत संयुक्त राष्ट्र विकास कार्यक्रमाची. ती १९९० मध्ये महबूब उल हक आणि अमर्त्य सेन यांच्या विचारातून आली आणि २०१० मध्ये बदलली. आता तीन अंगं आहेत. पहिलं जन्माच्या वेळचं आयुर्मान, २० ते ८५ वर्षांच्या पट्टीवर. दुसरं शिक्षण: २५ वर्षांवरच्या लोकांची सरासरी शालेय वर्षं (कमाल १५) आणि शाळेत शिरणाऱ्या मुलाला अपेक्षित वर्षं (कमाल १८), या दोन्ही निर्देशांकांची साधी सरासरी. तिसरं दरडोई उत्पन्न, क्रयशक्तीच्या डॉलरमध्ये, म्हणजे देशोदेशीच्या किमतींतला फरक काढून टाकून, १०० ते ७५,०००, पण लॉगॅरिदम घेऊन. तिन्हींचा गुणाकार करून घनमूळ काढायचं. पूर्वी साधी सरासरी घेत असत. भूमितीय सरासरीमुळे एका अंगाची कमतरता दुसऱ्याने पूर्ण झाकली जात नाही.

उत्पन्नाचा आकडा अर्थ व सांख्यिकी संचालनालयाच्या जिल्हा उत्पन्नातून येतो. तो ‘उत्पन्न जिथे निर्माण झालं तिथलं’ या तत्त्वावर काढलेला असतो. कोकणासाठी याचे दोन उलटे परिणाम होतात. अंजनवेल किंवा जयगडच्या वीजप्रकल्पात निर्माण झालेलं मूल्य रत्नागिरीच्या खात्यात पडतं, मग त्यातला नफा कुठेही जावो. मिरकरवाड्याला किंवा हर्णेला उतरलेली मासळीही तशीच. बोटीवरच्या परप्रांतीय आणि नेपाळी खलाशांची मजुरी गावाला गेली तरी ती जिल्ह्याचीच धरली जाते. दुसरीकडे लालबागला किंवा डोंबिवलीला नोकरी करणाऱ्या मुलाने घरी पाठवलेले पैसे यात कुठेच नसतात, कारण ते मुंबईच्या किंवा ठाण्याच्या उत्पन्नात आधीच मोजले गेलेत. ज्या पैशातून चिरेबंदी घर उभं राहिलं, धाकट्याचं कॉलेज झालं, तो पैसा निर्देशांकाला दिसत नाही.

यावर पूर्ण इलाज नाही, पण पडताळणी करता येते. कुटुंबांच्या खर्चाच्या पाहणीतला दरमहा दरडोई खर्च मी शेजारी मांडतो. मनीऑर्डरचा पैसा खर्चात उमटतो, उत्पादनात उमटत नाही. खर्चात जिल्हा वर आणि उत्पन्नात खाली असेल तर मधलं अंतर बहुतेक बाहेरून येणाऱ्या पैशाचं. पाहणीतला एका जिल्ह्याचा नमुना तुटपुंजा असतो, म्हणून हा आकडा निर्देशांकात घालायचा नाही, फक्त टीप म्हणून द्यायचा. शिवाय हापूसचं पीक एखाद्या वर्षी अवकाळीने जातं आणि जिल्हा उत्पन्न हेलकावे खातं, त्यामुळे एका वर्षाचा आकडा न घेता तीन वर्षांची सरासरी घ्यावी. रुपयांचं डॉलरमध्ये रूपांतर करताना जिल्ह्याचं दरडोई उत्पन्न भागिले देशाचं दरडोई उत्पन्न असं गुणोत्तर काढतो आणि देशाच्या क्रयशक्तीच्या डॉलरमधल्या आकड्याला त्याने गुणतो. बाजाराचा विनिमय दर लावला तर सगळं कोसळतं.

शिक्षणाचं काम सगळ्यात किचकट आणि माझ्या मते सगळ्यात मोलाचं. साक्षरतेचा दर इथे फारसं सांगत नाही. २०११ मध्ये रत्नागिरी ८२.१८ टक्के होती, म्हणजे जवळपास राज्याइतकीच. सरासरी शालेय वर्षांसाठी जनगणनेचा सी-८ तक्ता लागतो. त्यात वय आणि लिंगानुसार शिक्षणाचा स्तर दिलेला असतो, आणि प्रत्येक स्तराला वर्षं आपण द्यायची असतात. प्राथमिक म्हणजे चार की पाच? आपल्याकडे जुनी प्राथमिक शाळा चौथीपर्यंत, त्यामुळे म्हाताऱ्या पिढीला मी चारच धरतो. मॅट्रिकला दहा सगळ्यांनाच देऊन चालत नाही, कारण दहावीची पहिली एसएससी १९७५ ची. त्याआधीचे मॅट्रिक अकरावीचे. पंचावन्नच्या वरच्या वयोगटाला २०११ च्या तक्त्यात अकरा वर्षं देणं योग्य. दहावी नापास माणूस तक्त्यात माध्यमिकच्या खालच्या स्तरात जातो, आणि अशी माणसं कोकणातल्या गावोगाव आहेत. त्यांना आठ द्यायचे की नऊ, हा नियम एकदा ठरवून सगळ्या जिल्ह्यांना तोच लावायचा. एका जिल्ह्याला एक आणि दुसऱ्याला दुसरा लावला की तुलना संपली.

मग येतं स्थलांतर. मुंबईला गेलेला माणूस तिथल्या सरासरीत धरला जातो. जातो तो सहसा शिकलेला आणि तरुण. मागे राहतात वयस्कर माणसं आणि त्यांत बायका जास्त. २०११ मध्ये रत्नागिरीत हजार पुरुषांमागे ११०० हून अधिक स्त्रिया होत्या, राज्यात ९२९. सत्तरीच्या आजीला शाळा दोन इयत्ताही मिळाली नाही याचा आजच्या शाळांशी संबंध नाही, पण सरासरी खाली येते ती तिच्यामुळेच. म्हणून मी पुरुष आणि स्त्रियांची सरासरी वेगळी काढतो आणि २५ ते ३४ वयोगटाची आणखी एक. एकूण आकडा राज्याच्या मागे आणि तरुण गटाचा पुढे असेल तर जिल्ह्याची शाळा कमकुवत नाही, जिल्ह्याची माणसं बाहेर आहेत.

अपेक्षित शालेय वर्षांत गडबड उलट्या बाजूने होते. शाळेतली पटसंख्या यूडायस या शाळांच्या सरकारी माहितीसाठ्यातून मिळते. मोठी केलेली अंदाजित लोकसंख्या खाली घेतली तर प्रवेशाचा दर खोटा कमी येतो. महाविद्यालयीन प्रवेश मात्र कॉलेज जिथे आहे तिथे मोजतात. देवरुखची मुलगी कोल्हापूरला शिकत असेल तर ती कोल्हापूरच्या अंशात. दापोलीच्या कृषी विद्यापीठात बाहेरून आलेला विद्यार्थी रत्नागिरीच्या अंशात. कुठल्याही वयाचा दर शंभरच्या वर गेला की समजायचं, अंश आणि छेद वेगवेगळ्या माणसांचे आहेत.

आयुर्मान तर जिल्हावार छापलेलं मिळतच नाही. नमुना नोंदणी पद्धत ते राज्याचं देते. म्हणून राज्याच्या २००२ आणि २०१२ च्या मानव विकास अहवालांत त्याऐवजी अर्भक मृत्युदर दिसतो. नागरी नोंदणीतून तो थेट काढायचा मोह होतो, पण जन्म-मृत्यूची नोंद घटना घडते त्या ठिकाणी होते. पहिलं बाळंतपण माहेरी. सावंतवाडी-दोडामार्गकडचा गंभीर रुग्ण बांबोळीला, म्हणजे गोव्यात. संगमेश्वरचा कोल्हापूर-मिरजेला. जन्म इथे आणि मृत्यू तिथे नोंदला गेला की जिल्हा आहे त्याहून निरोगी दिसतो. जन्म-मृत्यू नोंदवण्याच्या फॉर्ममध्ये आईचं किंवा मृताचं राहण्याचं गाव असतं, त्यावरून तक्ता परत लावता येतो. परराज्यातल्या नोंदी तरीही सुटतात.

त्यातून संख्या लहान. समजा वर्षाला १०,००० जन्म आणि १५० अर्भक मृत्यू, म्हणजे दर हजारी १५. काहीही न बदलता पुढच्या वर्षी निव्वळ योगायोगाने मृत्यू १२५ किंवा १७५ होऊ शकतात. मी म्हणून लोकसंख्याशास्त्रज्ञ विल्यम ब्रास यांची अप्रत्यक्ष पद्धत वापरतो. आईला किती मुलं झाली आणि किती हयात आहेत हा प्रश्न जनगणनेत असतो. २० ते २४ च्या आयांच्या उत्तरातून दोन वर्षांपर्यंतचा, तर ३० ते ३४ च्या आयांच्या उत्तरातून पाच वर्षांपर्यंतचा बालमृत्यू येतो, आणि त्यावरून नमुना जीवनतक्ता, म्हणजे कुठल्या वयाला किती मृत्यू होतात याचा तयार साचा, लावून आयुर्मान. मूल कुठे जन्मलं, कुठे गेलं याने इथे बिघडत नाही, कारण आई जिथे राहते तिथे ती सांगते. मर्यादा ही की हे चित्र जनगणनेच्या काही वर्षं आधीचं असतं, आणि प्रौढांचा मृत्युदर त्यात मोजलेला नसून मानलेला असतो.

आता जुळणी. आकडे समजुतीसाठी घेतलेले: आयुर्मान ७५, सरासरी शालेय वर्षं ७.५, अपेक्षित १३, उत्पन्न ८,००० डॉलर.

```
A = (75-20)/(85-20)                    = 0.846
S = (7.5/15 + 13/18)/2                 = 0.611
U = (ln 8000 - ln 100)/(ln 75000 - ln 100) = 0.662
=GEOMEAN(0.846,0.611,0.662)            = 0.699
```

जिल्ह्यांच्या वर्तमानपत्री क्रमवारीपेक्षा पुढची तालीम मला महत्त्वाची वाटते: एकेक आकडा हलवून निर्देशांक किती हलतो ते बघणं. आयुर्मान एका वर्षाने वाढवलं तर ०.००४ वाढ. उत्पन्न दहा टक्क्यांनी वाढवलं तर ०.००५. सरासरी शालेय वर्षं एकाने वाढवली तर ०.०१२ हून थोडी जास्त. म्हणजे या पातळीवर शाळेचं एक वर्ष उत्पन्नातल्या साधारण २७ टक्के वाढीच्या तोडीचं. चौथी की पाचवी, आठ की नऊ, यावर इतकं डोकं घालायचं कारण हेच. आणि सुरुवातीचा लोकसंख्येचा २२ टक्क्यांचा फरक एकटाच निर्देशांक ०.०१ ने हलवतो.

म्हणून दोन जिल्ह्यांत ०.०१ पेक्षा कमी अंतर असेल तर मी त्यांना वर-खाली क्रमांक देत नाही, एकाच गटात ठेवतो. ठाण्याची तुलना करताना १ ऑगस्ट २०१४ ला पालघर वेगळा झाला हे ध्यानात ठेवून जुनी मालिका दोन्ही जिल्हे जोडून चालवतो, नाहीतर २०१५ पासून ठाणे एकदम सुधारल्यासारखं दिसतं आणि ती सुधारणा जव्हार-मोखाडा बाजूला काढल्याची असते. तक्त्यात निर्देशांकाशेजारी तिन्ही अंगं, वापरलेली लोकसंख्या आणि वर्ष हे रकाने ठेवतो. लोकसंख्येचा रकाना नसलेला तक्ता दुसऱ्याला तपासता येत नाही.