काऊ, खारूताई आणि अर्धी वाटी वाळू

तहानलेल्या कावळ्याची गोष्ट मराठीत लिहायची आणि ती नुकतं वाचू लागलेल्या मुलीच्या हातात द्यायची म्हटलं, की पहिली अडचण कावळाच करतो. नुसता 'कावळा' सोपा आहे. तीन अक्षरं, त्यातल्या दोहोंना काना. पण तो काही करायला गेला की बिघडतो. 'कावळ्याने' पाहिलं, 'कावळ्याला' तहान लागली. झालं, ळ ला य येऊन चिकटला. माझी पुतणी पहिलीत आहे आणि अजून जोडाक्षरांपर्यंत पोचलेली नाही. ती अशा शब्दापाशी थांबते, वर बघते आणि पुस्तक मिटून टाकते. कावळ्यावाचून तिचं काहीच अडत नाही.

बरं, कावळा सोडून पुढे जावं तर पुढचं सगळंच जोडलेलं. उन्हाळा, पाण्यात, प्यायला, पुन्हा, म्हणाला. म्हणजे या गोष्टीतला ऋतूही जोडाक्षरी, पाण्यात पडणारा खडाही जोडाक्षरी, आणि शेवटी पिणंसुद्धा. मग एकेक शब्द सोडवत बसायचं. कावळ्याचा 'काऊ' केला की 'काऊने', 'काऊला', 'काऊची' सगळं सरळ. आपल्या आज्यांनी काऊ-चिऊ असं का ठेवलं असेल, ते मला त्या दिवशी कळल्यासारखं वाटलं, अर्थात त्यांनी लाडानंच ठेवलं असणार. उन्हाळ्याऐवजी 'ऊन पडले'. 'पाण्यात खडा'ऐवजी 'बरणीत खडा'. 'पुन्हा'ऐवजी 'परत'. 'म्हणाला' काढून टाकायचं आणि नुसतं बोलणं ठेवायचं. कोण बोलतंय ते चित्रावरून कळतं. (नाशिकचं मूल या बाबतीत नशीबवान. नाशिक, पंचवटी, रामकुंड, काळाराम, गोदावरी, कुठेच अडत नाही. त्र्यंबकेश्वराला जाईपर्यंत तरी.)

शब्दांचं जमत आलं आणि मग पाण्यानं अडवलं. मला गोष्टीत खार हवी होती. कावळ्यानं पाणी वर आणायचं आणि खारीला द्यायचं. पण का द्यायचं? 'वाटून घ्यावे' असं खाली छापलं की मुलं ते वाचतात आणि मधल्या सुट्टीत डब्यातला लाडू एकटीच खातात. कावळ्याला खारीची गरजच नसेल, तर त्यानं पाणी देणं म्हणजे दान झालं, आणि दानशूर कावळा मी तरी पाहिलेला नाही. आमच्या गॅलरीत मातीचं परळ ठेवलेलं असतं. कावळे येतात, शिळ्या पोळीचा तुकडा त्यात बुडवून मऊ करतात, पाणी घाण करून जातात. खार तोवर पाइपामागे थांबते. कावळे खारीची पिल्लंसुद्धा पळवतात, पण ते पहिलीच्या गोष्टीत कशाला.

तेव्हा मी सरळ बरणी घेऊन बसले. वीस सेंटिमीटर उंच, काचेची, सरळ उभट, तोंडही तळाइतकंच, आठेक सेंटिमीटर रुंद. चित्रांत नेहमी तळाशी थोडंसंच पाणी दाखवतात, म्हणून चार सेंटिमीटर पाणी ओतलं आणि बोराएवढे खडे टाकायला लागले. पाणी चढलं. खडेही चढले. दहा सेंटिमीटरांवर दोघं बरोबरीला आले, आणि तिथून पुढे खडे वर जात राहिले, पाणी जागचं हललं नाही.

कारण साधं आहे. गोल खडे कितीही रचले तरी त्यांच्यामध्ये साधारण चाळीस टक्के जागा मोकळी राहते आणि पाणी त्या जागेत जाऊन बसतं. म्हणून सरळ भांड्यात नुसत्या खड्यांनी पाणी मुळापेक्षा फार तर अडीच पट वर येतं. चाराचे दहा, संपलं. काठावर बसलेल्या कावळ्यानं मान आत घातली तरी सात सेंटिमीटरांच्या खाली चोच जाणं अवघड, म्हणजे पाणी तेरापर्यंत यायला हवं. त्यासाठी आधीच पाच सेंटिमीटरांहून थोडं जास्त पाणी असावं लागतं. चित्रातल्या त्या कावळ्याच्या भांड्यात तळाशी जेमतेम दोन बोटं पाणी असतं. तो आजवर तहानलेलाच राहिला असणार, आणि आपण त्याला पिढ्यान्‌पिढ्या हुशार म्हणतोय.

हुशारीबद्दल शंका नाही. २००९ मध्ये इंग्लंडमध्ये कावळ्यांच्याच कुळातल्या रूक पक्ष्यांना उभ्या नळीत पाणी आणि त्यावर तरंगणारी अळी दिली, तर त्यांनी बाजूचे दगड टाकून पाणी वर आणलं आणि अळी खाल्ली. मोठे दगड आधी उचलले. नळीत पाण्याऐवजी लाकडाचा भुसा असेल तर त्यात दगड टाकणं फायद्याचं नाही, हेही त्यांच्या लक्षात आलं. फक्त ते तहानलेले नव्हते आणि दगड हाताशी ठेवलेले होते. आपल्या काऊला तेरा सेंटिमीटरांपर्यंत भर घालायची तर शंभरेक खडे लागतात. एकेक दहा-बारा ग्रॅमचा धरला तर झाला किलोभर. गावकावळा स्वतः तीनशे ग्रॅमच्या आसपास. भर दुपारी आपल्या वजनाच्या तिप्पट दगड वाहायचे आणि वर कोरडी चोच घेऊन बसायचं.

इथेच खार आत आली. खड्यांमधली ती मोकळी जागा भरायची तर खड्यांपेक्षा बारीक काहीतरी हवं. मी वाळू घेतली, जाडसर, धुतलेली. हळूहळू सोडली, बरणीला टिचक्या मारल्या. वाळू फटींतून खाली उतरली आणि अडून बसलेलं पाणी पुन्हा चढायला लागलं. दहापासून तेरापर्यंत यायला अर्धी वाटी वाळू पुरली. मोठ्या दगडांच्या फटींत वाळू भरणारी खार आपल्याकडे सेतू बांधतानाच येऊन गेली आहे. पाठीवरची बोटं कुणाची, हे पंचवटीतल्या पोराला सांगावं लागत नाही. मला ती आयतीच मिळाली.

पहिल्या खर्ड्यात मी खारीला वाळूत लोळवलं आणि बरणीवर अंग झाडायला लावलं, अगदी रामकथेतल्यासारखं. पुतणी म्हणाली, "काकू, ती ओली नव्हती ना? मग वाळू चिकटली कशी?" सेतूच्या वेळी समुद्र होता. इथे पाण्याचीच मारामार. म्हणून मग बरणी नेऊन ठेवली पाथर्डी फाट्याकडच्या एका बांधकामावर, वाळूच्या ढिगाच्या पायथ्याशी, जवळजवळ काठापर्यंत रुतलेली. फायदे तीन झाले. बाजूलाच खडी पडलेली, म्हणून काऊला लांब जायला नको. बरणी रुतलेली, म्हणून ती आडवी पाडायचा सोपा मार्ग बंद. आणि खारीनं नुसते मागचे पाय मारले तरी वाळू आत. "मग काऊ गोदावरीवर का नाही गेला?" हा प्रश्नही आला. खरा कावळा गेलाच असता. मी म्हटलं, तो आळशी होता. शंभर खडे उचलणारा आळशी कसा, हे सुदैवानं तिला सुचलं नाही.

गोष्ट सध्या अशी आहे:

ऊन कडक पडले. काऊला तहान लागली.
वाळूत एक बरणी होती. बरणीत पाणी होते. पण खूप खोल. चोच बुडेना.
काऊने एक खडा टाकला. टुप! अजून एक टाकला. टुप! पाणी वर आले.
काऊने खूप खडे टाकले. आता खडे वर, पाणी खाली.
खारूताई आली.
"काऊदादा, मला पाणी दे ना."
"नाही देणार. खडे माझे. पाणी माझे."
"बरे. पण तुला तरी मिळाले का?"
काऊ गप बसला.
खारूताई वाळूवर चढली. पाय मारले. सर सर सर! वाळू खाली गेली. पाणी जरा वर आले.
परत पाय मारले. सर सर सर! पाणी अजून वर आले.
काऊने मान वाकवली. चोच ओली झाली!
"खडे माझे. वाळू तुझी. पाणी आपले. आधी तू पी."
खारूताई आत उतरली. खडे होते, ती बुडाली नाही. तिने लप लप पाणी चाटले.
मग काऊने चोच बुडवली. मान वर केली. पाणी पोटात!

शेवटच्या दोन ओळींवर मी बराच वेळ घालवला. खार जिभेनं चाटते. कावळ्याला तसं जमत नाही, तो चोचीत पाणी घेतो आणि मान वर करून ते घशात सोडतो. पाणी खोल असताना खारीचं काय झालं असतं, हेही मनात होतं. उन्हाळ्यात उघड्या बादल्यांत खारी पडतात आणि गुळगुळीत कडेवरून त्यांना वर चढता येत नाही. म्हणून बादलीत एखादी तिरकी फळी टाकून ठेवतात. गोष्टीत तेच काम खडे करतात. काऊच्या खड्यांवर खार उभी राहते, खारीच्या वाळूनं काऊची चोच ओली होते.

चित्रं काढणाऱ्या मैत्रिणीला मी एकच अट घातली. बरणी वाळूत कापून दाखव, आणि पाण्याची रेघ दर चित्रात जिथे असायला हवी तिथेच काढ: चार, मग दहा, मग तेरा. पहिल्या चित्रातच तिनं पाणी अर्ध्यापर्यंत काढून आणलं, निळा रंग शोभून दिसतो म्हणून. अर्ध्या बरणीत खारीची गरजच उरत नाही, हे तिला पटवायला मला ती बरणी पिशवीत घालून तिच्या घरी न्यावी लागली.

पुतणीनं गोष्ट वाचली. 'खारूताई' या शब्दाला जरा रेंगाळली, कारण तो लांब आहे, पण पोचली. मग हिशेब काढला. काऊचे शंभर खडे आणि खारूताईची अर्धीच वाटी वाळू, मग आधी तिनं का प्यायचं? मी सांगितलं, खारूताई काऊच्या निम्म्याहूनही हलकी असते, ती पिऊन पिऊन पिणार किती. "मग तर काऊनंच आधी प्यायला पाहिजे. तो दमलाय." मी म्हटलं, काऊनं आधी चोच घातली तर पाणी गढूळ होईल, पोळीचे कण पडतील, आमच्या परळात पडतात तसे. ती म्हणाली, याच्याकडे पोळी कुठे आहे? 'आधी तू पी' हे वाक्य तिनं पेन्सिलीनं खोडलं, मी पुन्हा लिहिलं, आणि आता तिनं त्याखाली दुसरं लिहून ठेवलंय: 'दोघे एकदम.' आठ सेंटिमीटरांच्या तोंडातून ते कसं जमेल, हे बरणीपाशी बसून तपासायचं बाकी आहे.