झोनमधले ठिपके

बुधवारी सकाळी साडेनऊच्या सुमारास आमच्या टेक्निशियन मुलीने सेन्सिटिव्हिटीची प्लेट माझ्या हातात दिली. औषधाच्या डिस्कभोवती जंतू न वाढलेलं जे मोकळं वर्तुळ राहतं, तो झोन या प्लेटवर मोजायचा. "मॅडम, सेफ्ट्रायअॅक्सोनला रेझिस्टंट लिहू ना? झोनच्या आत वाढ आहे. वॉर्डातून दोनदा फोन येऊन गेला."

पेशंट साठीतले गृहस्थ, जुना मधुमेह, पायाला चिघळलेली जखम. सोमवारी पसचा स्वॅब आला होता. मॅकॉन्की या जंतूंची निवड करणाऱ्या माध्यमावर मंगळवारी क्लेब्सिएला या जंतूच्या गुलाबी, मेणासारख्या चकाकणाऱ्या, फुगीर कॉलन्या सुट्या सुट्या उगवल्या होत्या. अशी प्लेट बघून कोणालाही बरं वाटतं. तिने त्यातलीच एक कॉलनी उचलली, सलाईनमध्ये मिसळली, गढूळपणा जुळवला, म्युलर-हिंटन या साध्या माध्यमावर पसरवून औषधांच्या डिस्क ठेवल्या. तेच सलाईन शुद्धता तपासायला दुसऱ्या मॅकॉन्कीवर ओढून ठेवलं, आणि तीही प्लेट एकसारखी गुलाबी आली. वरवर पाहता सगळं पद्धतशीर होतं.

मी प्लेट खिडकीपाशी नेली. सेफ्ट्रायअॅक्सोनभोवती २६ मिलिमीटरचा झोन होता, म्हणजे क्लेब्सिएला खरं तर सेन्सिटिव्ह. पण त्या मोकळ्या वर्तुळात टाचणीच्या टोकाएवढे राखाडी ठिपके होते, थेट डिस्कच्या कडेपर्यंत. जेंटामायसिनच्या झोनमध्येही होते, पण डिस्कपासून जरा लांब, बाहेरच्या पट्ट्यात. आणि ॲमॉक्सिसिलिन-क्लॅव्हुलॅनिक ॲसिडचा झोन मात्र लख्ख होता.

झोनमधल्या कॉलन्यांचे दोन अर्थ निघू शकतात. एक म्हणजे त्याच जंतूतले काही औषधाला दाद न देणारे निपजले आहेत. तसं असेल तर निकाल रेझिस्टंटच द्यायचा. दुसरा, मुळात दोन जंतू मिसळलेले आहेत. सेफ्ट्रायअॅक्सोन आणि जेंटामायसिन ही दोन अगदी वेगळ्या जातींची औषधं. एकाच वेळी दोघांनाही न जुमानणारे पेशी-वंशज एका कॉलनीतून निघणं फार अवघड. उलट एंटेरोकॉकस या दुसऱ्या जंतूला सेफ्ट्रायअॅक्सोन जन्मतःच लागू पडत नाही, जेंटामायसिन अर्धवट लागू पडतं, आणि ॲमॉक्सिसिलिनने तो बहुतेक वेळा मरतो. प्लेटवरचं चित्र नेमकं याच्याशी जुळत होतं.

एका ठिपक्यातले जंतू रंगवून त्यांची ग्रॅम स्लाईड सूक्ष्मदर्शकाखाली पाहिली. निळे-जांभळे गोल, जोडीजोडीने आणि छोट्या माळांत. क्लेब्सिएला म्हणजे गुलाबी आखूड काड्या. शंकेला जागा उरली नाही.

मुलगी हिरमुसली. "पण मी तर सुटी कॉलनी घेतली होती, मॅडम."

तिचं चुकीचं नव्हतं, आणि हीच गोष्ट मला तिला नीट दाखवायची होती. मॅकॉन्कीतले पित्तक्षार आणि क्रिस्टल व्हायोलेट ग्रॅम-पॉझिटिव्ह, म्हणजे स्लाईडवर निळ्या-जांभळ्या दिसणाऱ्या जंतूंना वाढू देत नाहीत, पण सगळ्यांना मारतातच असं नाही. जिथे एंटेरोकॉकस पडला, तिथेच तो निपचित राहिला, आणि त्याच्यावर क्लेब्सिएलाची चिकट कॉलनी पसरली. ती उचलताना खालचाही उचलला गेला. साध्या माध्यमावर सोडताच तो उठून बसला. गढूळपणा जुळवलेल्या सलाईनमध्ये मिलिलिटरला १५ कोटींच्या आसपास जंतू असतात. त्यात शेकडा एक जरी एंटेरोकॉकस असला तरी पंधरा लाख झाले. एवढ्या काड्यांत स्लाईडवर त्याचा एखादाच गोल नजरेला पडला असता. आणि शुद्धतेची प्लेट पुन्हा मॅकॉन्कीवरच टाकल्यामुळे तीही त्याला दाबून गप्प बसली. हे सांगायला हवं होतं, ते मीच तिला आधी सांगितलं नव्हतं. आमच्याकडे सगळ्यांना वाढू देणाऱ्या रक्त-अगारच्या प्लेट जपून वापरायची सवय लागली होती, ती त्या दिवसापासून बंद केली.

सोमवारची रक्त-अगारची प्लेट काढून पाहिली. तिथे क्लेब्सिएला इतका चिकट वाहिला होता की सर्वांत विरळ असायला हव्या त्या शेवटच्या, चौथ्या भागातही कॉलन्या एकमेकींत मिसळल्या होत्या. त्या लगद्यात बारीक ठिपका कुणाला दिसणार!

वॉर्डात फोन केला. रेसिडेंट डॉक्टर म्हणाले, "रेझिस्टंट असेल तर आत्ताच मेरोपेनेम चालू करतो." मी विचारलं, ताप? नाही. रक्तदाब? ठीक. "मग दोन दिवस द्या. कल्चर मिश्र आहे, सेफ्ट्रायअॅक्सोनचा निकाल मी अजून देत नाही." त्यांनी मान्य केलं.

मग आम्ही दोघी बर्नरपाशी बसलो. आधी प्लेटी झाकण किलकिलं ठेवून वाळवल्या. पृष्ठभागावर पाण्याचा थेंब राहिला तर जंतू त्यात वाहत पसरतात आणि सगळी मेहनत वाया जाते. एका प्लेटवर कॉलनी थेट ओढायची, दुसरीसाठी ती सलाईनमध्ये घालून व्होर्टेक्सवर मिनिटभर घुसळायची. क्लेब्सिएलाचं चिकट कवच दुसऱ्याला धरून ठेवतं, ते सोडवायला हे घुसळणं.

लूप लाल होईपर्यंत तापवला, अगारच्या कडेला टेकवून गार केला. चर्र आवाज आला तर अजून थांबायचं. पहिल्या चतकोरात दाट रेघा. पुन्हा तापवला, गार केला, आणि पहिल्या चतकोराच्या टोकावरून फक्त तीन रेघा दुसऱ्यात ओढल्या. पुन्हा तसंच तिसऱ्यात, चौथ्यात. चौथा पहिल्याला चुकूनही शिवता कामा नये. मुलीचा हात दर वेळी मागच्या भागात सात-आठदा फिरायचा; तेवढा माल पुढे गेला की तापवण्याला अर्थ राहत नाही. "तीनच," मी म्हणाले, "मागचं जवळजवळ सगळं मागेच राहिलं पाहिजे. चौथ्यात दोन पेशींत पुरेसं अंतर पडलं तरच त्यांच्या कॉलन्या सुट्या वाढतील." लूप आडवा धरायचा, वजन न देता, अगार फाटला की त्या चिरेत जंतू एकत्र साठतात. प्लेटी उलट्या करून ३७ अंशाला.

गुरुवारी सकाळी फरक डोळ्यांसमोर होता. थेट ओढलेल्या प्लेटवर, चौथ्या भागातसुद्धा, मोठ्या कॉलनीच्या काठाला राखाडी ठिपका चिकटलेला. एक कॉलनी भिंगाखाली तिरकी धरली तर तिच्या एका खांद्यावर छोटासा उंचवटा दिसला. कॉलनी सुटी दिसते, पण ती एका पेशीपासून वाढली की दोन शेजाऱ्यांपासून, हे बघून कळत नाही. घुसळलेल्या प्लेटवर दोन्ही वेगळे, मधे मोकळी जागा.

मुलीने विचारलं, "मग आता हे शुद्ध?"

एकदा ओढून आलेल्या कॉलनीला मी शुद्ध म्हणत नाही. ती उचलून पुन्हा निवड न करणाऱ्या माध्यमावर ओढायची, आणि तिथल्या सगळ्या कॉलन्या आकाराने, रंगाने, स्लाईडवर एकसारख्या आल्या की मग. तरीही शुद्ध म्हणजे सगळ्या पेशी तंतोतंत सारख्या असं नव्हे. एका कॉलनीत कोट्यवधी पेशी असतात, त्यात दोन-चार बदललेल्या निपजतातच. शुद्ध म्हणजे एका पूर्वजाचं कुटुंब, आणि एंटेरोकॉकससारख्या माळेने राहणाऱ्या जंतूत तो पूर्वज एक पेशी नसून छोटी माळही असू शकते.

मुलीने स्वतःच्या हाताने चौथ्या भागातली क्लेब्सिएलाची कॉलनी, वरच्या बाजूने, अगारला न टेकता उचलली. सेन्सिटिव्हिटी पुन्हा लावली आणि शुद्धतेची प्लेट या वेळी रक्त-अगारवर. झोनमधला ठिपका पित्त-एस्क्युलिनवर ओढला.

शुक्रवारी सेफ्ट्रायअॅक्सोनचा झोन २७, आत एकही ठिपका नाही. जेंटामायसिन स्वच्छ. शुद्धतेच्या प्लेटवर एकच जात. पित्त-एस्क्युलिन काळं झालं होतं, ही एंटेरोकॉकसची खूण. तिथली कॉलनी रक्त-अगारवर नेऊन तिची वेगळी सेन्सिटिव्हिटी लावली, ती रविवारी वाचली. ॲम्पिसिलिनला सेन्सिटिव्ह.

रिपोर्टात दोन नावं गेली आणि दोघांखाली वेगवेगळे निकाल. डॉक्टरांनी मेरोपेनेमऐवजी दोघांनाही पुरेल असं ॲमॉक्सिसिलिन-क्लॅव्हुलॅनिक ॲसिड चालू केलं. मुलीने बुधवारची ती म्युलर-हिंटनची प्लेट टाकून द्यायच्या डब्यात घालण्याआधी मोबाईलवर फोटो काढला, आणि सेफ्ट्रायअॅक्सोनच्या झोनवर बोट ठेवून स्वतःशीच ठिपके मोजत बसली.