फायनल माफ, तरी पेपर द्यायचा का?

लेक ह्यूस्टनजवळच्या एका सरकारी हायस्कुलात अकरावीत आहे. डिसेंबरच्या सुरुवातीला तिने एक फॉर्म सहीसाठी पुढे केला: सेमिस्टरच्या फायनल परीक्षेतून सूट. आमच्या डिस्ट्रिक्टचा नियम असा, की विषयाची सरासरी ८५ किंवा जास्त आणि त्या तासाला गैरहजेऱ्या तीन किंवा कमी असतील, तर फायनल द्यायची गरज नाही. महाराष्ट्रात बोर्डाची परीक्षा देऊन आलेल्या माझ्या पिढीला हे ऐकूनच चुकल्यासारखं होतं. पुण्याहून आजोबांचा फोनवर पहिला प्रश्न होता, "मग ती पास झाली हे ठरवणार कोण?"

आधी हजेरीचं निस्तरावं लागलं. प्रीकॅल्क्युलसला चार गैरहजेऱ्या दिसत होत्या, त्यातली एक दिवाळीची. टेक्ससच्या शिक्षण कायद्यानुसार धार्मिक सणासाठी घेतलेली सुट्टी मंजूर धरावी लागते आणि तिच्यासाठी मुलाला शिक्षा करता येत नाही. मी आदल्या आठवड्यात चिठ्ठीही दिली होती, पण पोर्टलवर तो दिवस साध्या गैरहजेरीच्या कोडमध्ये पडला होता. अटेंडन्स ऑफिसला चिठ्ठीची प्रत ईमेल केली, कोड बदलला आणि चाराचे तीन झाले. हे फॉर्मची मुदत संपायच्या आत करायला हवं, कारण शिक्षक सही करताना पोर्टलवरचा आकडाच बघतात.

खरा वाद पुढे झाला. तिचं म्हणणं, सगळीकडे सूट घ्यायची आणि झोपायचं. माझं म्हणणं, आधी गणित मांडू. इथे सेमिस्टरच्या गुणांत नऊ-नऊ आठवड्यांच्या दोन भागांना प्रत्येकी ४० टक्के आणि फायनलला २० टक्के वजन असतं. सूट घेतली की दोन भागांची साधी सरासरी हाच निकाल. पेपर दिला की तो धरलाच जातो, कमी गुण पडले म्हणून सोडून देत नाहीत. हे मी शिक्षकांना ईमेल करून विचारून घेतलं, कारण काही शाळांत फायदा झाला तरच धरतात, आणि तसं असेल तर द्यायला काहीच हरकत नाही.

केमिस्ट्रीत ९३ आणि ९१, म्हणजे सरासरी ९२. पेपर दिला तर या ९२ चे ८० टक्के, म्हणजे ७३.६, आधीच जमा, बाकी पेपरवर. ९२ चे ९३ व्हायला (गुण पूर्णांकात मोजतात, अर्धा मिळाला की वर) पेपरात निदान ९४.५ हवेत, आणि ८० च्या खाली गेली की 'ए' जाऊन 'बी' येते. इकडे जीपीएमध्ये अक्षरच मोजतात: ९० असो वा ९९, 'ए' ती 'ए'च. म्हणजे मिळायचं काही नाही, गमवायचं मात्र आहे. तिथे सूट घ्यायची हे दोघींनी पाच मिनिटांत ठरवलं.

प्रीकॅल्क्युलसचं चित्र उलटं. ८८ आणि ९०, सरासरी ८९. सूट मिळते, पण 'बी' पक्की होते. पेपर दिला तर ७१.२ जमा, 'ए'साठी ८९.५ लागतात, म्हणजे पेपरात ९१.५ हवेत. आणि खाली? 'सी'त जायला पेपर ४१ वर आपटावा लागेल, जे तिच्या बाबतीत होणं नाही. सूट मिळण्याइतके गुण असूनही पेपर द्यावा असा हाच विषय होता. शिवाय पुढच्या वर्षी एपी कॅल्क्युलस आहे, तेव्हा त्रिकोणमितीची उजळणी फुकट जाणार नव्हती.

हे सगळं अक्षर मोजणाऱ्या शाळांचं. जिथे १०० पैकीच्या आकड्यांवरून जीपीए आणि वर्गातला क्रमांक काढतात, तिथे केमिस्ट्रीतलाही एक गुण कामाचा, आणि टेक्ससच्या सरकारी विद्यापीठांत क्रमांकावर थेट प्रवेश मिळत असल्याने पालक एकेका गुणासाठी भांडतात. तिथे प्रश्न एवढाच, की पेपरात आपल्या सरासरीपेक्षा जास्त पडतील का.

तिला ९३ पडले. ७१.२ अधिक १८.६, म्हणजे ८९.८, आणि पोर्टलवर ९० उमटले.

एक गोष्ट मात्र ऐनवेळी कळली: सूट मिळालेल्या तासाला घरी राहायचं तर पालकांची वेगळी परवानगी लागते, नाहीतर मूल लायब्ररीत बसवतात. केमिस्ट्रीचा पेपर सकाळी पहिला होता, आणि ती परवानगी मी आदल्या रात्री अकराला पोर्टलवर भरली.