दीड मिनिटाचे आभार

छपाईला जाणाऱ्या मजकुरातील चुका शोधणे, म्हणजे मुद्रितशोधन, हे माझे काम आहे. या कामासाठीच्या एका पुरस्काराच्या अंतिम तिघांत माझे नाव असल्याचे पत्र आले, तेव्हा मला मनापासून आनंद झाला. उरलेल्या दोघांचे काम मी जवळून पाहिलेले असल्याने पुरस्कार त्यांच्यापैकीच एकाला मिळणार, याविषयी मात्र माझ्या मनात शंका नव्हती. त्यामुळे पत्रासोबत आलेला ‘मनोगताची संहिता’ हा अर्ज मी बाजूला ठेवून दिला. ही माझी चूक झाली. निकाल कोणाच्याही बाजूने लागला तरी तिघांनीही आपले भाषण आठ दिवस आधी लिहून द्यायचे, असा संयोजकांचा नियम होता आणि ते योग्यच होते. जिंकण्याची आशा नसणाऱ्यानेच भाषण आधी लिहावे, कारण ऐन वेळी ज्यांची नावे राहून जातात ती बहुधा घरातल्यांचीच असतात.

लिहिण्यास मला एक संध्याकाळ पुरली. ते मंजूर करून घेण्यास मात्र अकरा दिवस लागले, आणि त्याचा त्रागा अजून मनातून गेलेला नाही.

अर्जात आभारांसाठी पाच रकाने होते आणि त्यांतले पहिले तीन संस्थेचे पदाधिकारी, प्रायोजक व परीक्षक यांच्यासाठी राखून ठेवलेले होते. राहिलेल्या दोन रकान्यांत मी अकरा नावे बारीक अक्षरात बसवली, म्हणून अर्ज परत आला. दुसऱ्या वेळी भाषण तीन मिनिटांचे होते आणि पत्रातही तीन मिनिटेच लिहिलेली होती; तरीही कार्यक्रम लांबल्याने आता दीड मिनिटच मिळेल, असे कळवून तो पुन्हा परत आला. तिसऱ्या वेळी एका वाक्याखाली पेन्सिलीने रेघ ओढून समासात ‘लेखकांचा उपमर्द’ असा शेरा मारलेला होता.

ते वाक्य असे होते: ‘पुस्तक छपाईला जाण्याच्या आदल्या रात्री ज्यांना नवी प्रस्तावना सुचते, त्या माझ्या लेखकांची मी ऋणी आहे.’ मी कार्यालयात दूरध्वनी केला. संबंधित गृहस्थ जागेवर नव्हते. दुपारीही नव्हते आणि दुसऱ्या दिवशीही नव्हते. तिसऱ्या दिवशी भेटले, तेव्हा त्यांनी शांतपणे सांगितले की गमतीचे आभार कोणाला लागतील हे सांगता येत नाही, तेव्हा सरळ ‘सर्व लेखकांचे आभार’ असे लिहावे. माझा संताप झाला, कारण ‘सर्वांचे आभार’ या शब्दांत प्रत्यक्षात कोणाचेच आभार नसतात. ज्या माणसाने माझ्यावर वीस वर्षे विश्वास टाकला, त्याला सभागृहात बसल्या जागी ‘हे माझ्याविषयी आहे’ असे ओळखू यावे, एवढीच माझी इच्छा होती.

वाद घालून काही होईना, म्हणून शेवटी मी ते वाक्य त्या लेखकांनाच वाचून दाखवले. हे मी पहिल्याच दिवशी करायला हवे होते. ते मोठ्याने हसले आणि म्हणाले, ‘आदल्या रात्री नाही हो, त्याच दिवशी सकाळी. तपशील चुकवू नका.’ मी वाक्य तसे दुरुस्त केले आणि त्यांनी दोन ओळींचे संमतिपत्र लिहून दिले. ते जोडल्यावर त्याच दिवशी संहिता मंजूर झाली. तेव्हापासून माझा नियम ठरला आहे: ज्याच्या नावाने हशा व्हायचा आहे, त्याने ते वाक्य आधी ऐकलेले असावे. तो मनमोकळा हसला तर वाक्य ठेवावे. ‘चालेल’ असे म्हणून गप्प झाला तर काढून टाकावे. आभारातील विनोदात त्या माणसाची ओढ, हट्ट किंवा माया दिसली पाहिजे. व्यंग दिसले की ते आभार राहत नाहीत.

आता दीड मिनिटाविषयी. मी सावकाश बोलते तेव्हा एका मिनिटात सुमारे ११० शब्द होतात, हे मी घड्याळ लावून मोजले होते. त्या हिशेबाने दीड मिनिटात १६५ शब्द बसतात, परंतु हशासाठी थांबावे लागते हे त्या आकड्यात धरलेले नसते. तीन ठिकाणी पाच-पाच सेकंद सोडल्यास बोलायला ७५ सेकंद उरतात, म्हणजे जवळपास १३७ शब्द. ऑस्कर समारंभात विजेत्यांना सर्वसाधारणपणे ४५ सेकंद दिले जातात. तिथे २०१६ साली आभारांची नावे पडद्याच्या तळाशी सरकत दाखवण्याचा प्रयोग झाला होता, ते मला आठवले. मी संयोजकांना विनंती केली की माझी उरलेली नावे कार्यक्रमपत्रिकेच्या मागील बाजूस छापावीत. या एका गोष्टीला मात्र त्यांनी लगेच होकार दिला, याबद्दल मी त्यांची खरोखर आभारी आहे. तीन राखीव रकाने मी एका वाक्यात आणले आणि उरलेला वेळ तीन माणसांना दिला.

त्यांतली एक माझी आई. तिच्याविषयीचे वाक्य आधी असे होते: ‘वसतिगृहातून मी लिहिलेली पत्रे आई लाल शाईने तपासून उत्तरासोबत परत पाठवत असे.’ घरी वाचून दाखवले, तेव्हा सगळे ‘लाल शाईने’ या शब्दांवरच हसू लागले आणि पुढचे चार-पाच शब्द त्या हशात बुडाले. मराठी वाक्य क्रियापदावर संपते, त्यामुळे गमतीचा शब्द मधेच अडकतो. मी तो शेवटी नेला: ‘वसतिगृहातून मी लिहिलेली पत्रे आई उत्तरासोबत परत पाठवत असे, लाल शाईने तपासून.’ शब्द जवळजवळ तेच राहिले, पण हशा पूर्णविरामानंतर आला. माझ्या पतींचे नावही मी वाक्याच्या टोकाला ठेवले, कारण नाव ऐकताच लोक टाळ्या वाजवतात आणि त्यामागून येणारे काहीच ऐकू जात नाही. ‘रात्री दोन वाजता ऱ्हस्व की दीर्घ असे विचारले, तर डोळे न उघडता अचूक उत्तर देणारे’ एवढे आधी आणि नाव मागून. झोपेत त्यांचे उत्तर कधीच चुकलेले नाही, हे मी अभिमानाने सांगते.

माझे नाव पुकारले गेले, तेव्हा मला दोनदा ऐकल्याशिवाय खरे वाटले नाही. एक गोष्ट वेळेवर आठवली म्हणून निभावले आणि ती आधीच सांगायला हवी होती: मानचिन्ह जड असते आणि ते दोन्ही हातांत दिले जाते. दोन-तीन पाने घेऊन गेले असते, तर उलटता आली नसती. भाषण मी एकाच जाड कार्डावर, हातभर अंतरावरून वाचता येईल एवढ्या मोठ्या अक्षरात लिहिले होते. मानचिन्ह आधी बाजूच्या टेबलावर ठेवले, ध्वनिक्षेपक खाली ओढून घेतला आणि मग बोलले.

‘त्याच दिवशी सकाळी’ या शब्दांपाशी हशा झाला आणि तिसऱ्या रांगेत बसलेल्या लेखकांनी हात उंच केला. आईच्या वाक्यानंतर मी मनात पाचपर्यंत मोजून थांबले. सातव्या सेकंदाला हशा ओसरला. कार्यक्रम संपल्यावर आईने ते कार्ड मागून घेतले, पिशवीतून चष्मा काढला आणि उभ्या उभ्या पहिल्या ओळीपासून वाचायला सुरुवात केली.