चहा घेऊनच जा

तुर्भ्याला एक चहापावडरवाले शेठ आहेत, पॅकिंग इथेच होतं आणि माल जातो आपल्याकडे आणि इंदूर-भोपाळच्या बाजूला. त्यांना पाऊचवर एक ओळ हवी होती, मराठीत आणि हिंदीत दोन्हीकडे चालेल अशी. म्हणजे डिझाईन एकच, फक्त ती ओळ बदलायची. कारण पाऊच छापतात सिलिंडरवर, दर रंगाला एक सिलिंडर, आणि ओळ नुसत्या काळ्या रंगात असेल तर हिंदीसाठी काळा सिलिंडर तेवढा नवा करावा लागतो, बाकीचे तेच चालतात. शेठच्या डोक्यात हे गणित पक्कं होतं, माझ्या डोक्यात तेव्हा काहीच नव्हतं.

पहिल्यांदा लिहिलं, "एक घोट, आळस पळाला". मराठीत झकास वाटतं कारण त्या दोन ळ मध्येच सगळी मजा आहे. हिंदी केलं तर "एक घूंट, आलस भागा". अर्थ सगळा पोचला, पण नाद तुर्भ्यातच राहिला. मग सोपा मार्ग म्हणून कडक, गरम, खास, मस्त असले शब्द काढले. हे दोन्हीकडे चालतात, आणि मुख्य म्हणजे चहा तो आणि चाय ती असली तरी यांना फरक पडत नाही, चांगला-चांगली, अच्छा-अच्छी होतं तसं यांचं होत नाही. "कडक चहा, कडक चाय" असं लिहून बघितलं. पण घणसोली स्टेशनच्या बाहेर दर दुसऱ्या टपरीवर हेच लिहिलेलं असतं, त्याचे शेठ मला कशाला पैसे देतील?

तेव्हा डोक्यात आलं की शब्द सारखे शोधण्यापेक्षा दोन्ही घरांत सारखा घडणारा प्रसंग शोधावा. पाहुणा उठतो, चपला शोधायला लागतो आणि आतून आवाज येतो, "अहो, चहा घेऊनच जा!" हे इकडे होतं आणि तिकडेही होतंच की. मराठी ओळ झाली. हिंदी लिहिली, "चाय पीकर ही जाना", आणि खाली जाऊन वॉचमनकाकांना दाखवली, ते जौनपूरचे. पाऊच वगैरे काही सांगितलं नाही, एवढंच विचारलं की हे कोण कोणाला म्हणतंय. त्यांनी दोनदा वाचलं आणि म्हणाले, "नहीं तो क्या करोगे?"

आता बघा, मराठीत सगळा आग्रह त्या एवढ्याशा "च" मध्ये बसलाय. मी त्याच्या जागी "ही" ठेवला तर काकांना ती धमकी वाटली. हिंदीत आग्रह "जाना" मध्येच असतो, जाओ नाही, जाना, म्हणजे आत्ताच नको, नंतर जा. त्यामुळे "ही" उडवला आणि "पीकर" चं बोलण्यातलं "पीके" केलं. "चाय पीके जाना." काका हसले, म्हणाले घरातल्याला ठीक आहे, पाहुण्याला मात्र आम्ही जाइएगा म्हणू. आणि मग माझ्या लक्षात आलं की आपलं "जा" किती सोयीचं आहे, तू पण जा आणि तुम्ही पण जा, कोणाला किती मान द्यायचा ते ठरवावंच लागत नाही, हिंदीत मात्र ओळीचा शेवट येईपर्यंत ठरवावंच लागतं. मी जाना ठेवलं, पाऊच घरातच फुटतो ना. लांबीही जवळपास सारखी, एकाच चौकटीत दोन्ही बसल्या.

शेठ खूश. पण त्यांच्या आईने वाचलं आणि झालं. "आपल्याकडे निघणारा माणूससुद्धा येतो म्हणतो आणि तू गिऱ्हाइकाला जा सांगतोस?" यावर मी काय बोलणार, बरोबरच होतं त्यांचं.

मग प्रसंग तोच ठेवला, फक्त पाहुण्याला चपलांकडून परत खुर्चीत आणलं. "बसा, चहा टाकलाय." हिंदीत टाकलायचं "डाली है" केलं तर कोणीतरी चहा सांडला असं वाटेल, तिकडे चहा चढतो. आणि मराठीत यावेळी बस की बसा हे ठरवावं लागलंच, सोय गेली, मग म्हटलं दोन्हीकडे मान देऊन टाकू.

परत खाली गेलो आणि काकांना वाचून दाखवलं, "बैठिए, चाय चढी है."

काकांनी खुर्ची पुढे ओढली, बसले आणि म्हणाले, "चीनी कम."