अकरा व्होल्ट कुठे गेले?

आमच्या कराडच्या घरावर ३३५ वॅटचे आठ सोलर पॅनल एकाच स्ट्रिंगमध्ये, म्हणजे एकापुढे एक जोडलेले आहेत. ऑक्टोबरमध्ये युनिट थोडे कमी पडताहेत असं वाटलं म्हणून इन्व्हर्टरचं ॲप उघडलं. गेल्या ऑक्टोबरला भर दुपारी डीसी व्होल्टेज २६० च्या आसपास असायचं, आता २४९ दिसत होतं. नुकसान जेमतेम चार टक्क्यांचं. पण कुठे कनेक्टर सैल होऊन तापत असेल तर गच्चीवर आग लागू शकते, या विचाराने झोप लागेना.

बसवून देणाऱ्यांचा माणूस आला, वर नजर टाकून म्हणाला, "काका, शेजारचा नारळ वाढलाय. झावळ्यांची सावली पडतेय." शेजारच्या काकूंना झावळ्या तोडायला सांगायचं जिवावर आलं होतं, म्हणून आधी स्वतः तपासायचं ठरवलं.

आमच्या पॅनलमध्ये ७२ सेल आहेत. दर २४ सेलच्या गटाला एक बायपास डायोड, म्हणजे पॅनलमागे तीन. गटातल्या एका सेलवर जरी गडद सावली पडली तरी डायोड तो अख्खा गट बाजूला टाकतो आणि करंट पुढे जातो. आठ पॅनलचे २४ गट, २६० भागिले २४ म्हणजे जवळजवळ ११ व्होल्ट. नेमके तेवढेच गायब होते. एक गट गेला असावा. मात्र सावलीने बाजूला पडलेला गट आणि डायोडच शॉर्ट झाल्याने मेलेला गट, चालू इन्व्हर्टरवर दोन्ही सारखेच दिसतात.

म्हणून ॲपमधला दिवसभराचा आलेख काढला. नारळाची सावली साडेतीननंतर येते. इथे सकाळी नऊलाही ११ व्होल्ट कमीच होते. याच आलेखाने कनेक्टरचीही शंका फिटली. खराब जोडात जाणारं व्होल्टेज करंटच्या प्रमाणात बदलतं. दुपारी ८ अँपिअरला ११ व्होल्ट जात असतील तर सकाळी ३ अँपिअरला चारच जायला हवेत. शिवाय ११ गुणिले ८ म्हणजे ८८ वॅटची उष्णता एका बोटभर प्लास्टिकच्या कनेक्टरात! तो केव्हाच वितळला असता. तरी इन्फ्रारेड थर्मामीटर प्रत्येक जोडावर धरला. सगळे सारखेच कोमट होते.

मग ॲपमध्ये मागे मागे गेलो. मे महिन्यात एका रात्री वळवाचा पाऊस झाला होता, जवळच कुठेतरी वीज कडाडली होती. आदल्या दिवशीपर्यंत व्होल्टेज ठीक, दुसऱ्या दिवसापासून एक पायरी खाली. झाड असं एका रात्रीत वाढत नाही. विजेच्या लहरीने डायोड मात्र शॉर्ट होऊ शकतो.

दुसऱ्या दिवशी वायरमनला बोलावलं. आधी इन्व्हर्टरची एसी बाजू बंद, मग डीसी आयसोलेटर. क्लॅम्प मीटरवर शून्य दिसल्याशिवाय एकही कनेक्टर सोडायचा नाही, कारण करंट चालू असताना तो ओढला तर डीसीची ठिणगी विझत नाही. हातमोजे घालून, १००० व्होल्टच्या मल्टिमीटरने उघड्या, म्हणजे इन्व्हर्टरपासून सोडवलेल्या स्ट्रिंगचं व्होल्टेज घेतलं. पॅनलच्या लेबलवर अशा उघड्या स्थितीचे ४६ व्होल्ट आहेत, पण मागची बाजू ५८ अंशांना तापलेली, त्यामुळे प्रत्येकी ४१ धरून आठांचे ३२८ यायला हवे होते. आले ३१५. सावली असती किंवा कनेक्टर खराब असता तर या मोजणीत व्होल्टेज जवळजवळ पूर्ण भरून आलं असतं, कारण उघड्या स्ट्रिंगमध्ये करंटच नसतो. शॉर्ट झालेला डायोड मात्र इथेही आपला गट गिळून बसतो.

एकेक पॅनल सुटा करून मोजला. पहिले पाच ४१ च्या आगेमागे. सहाव्यावर मीटरने २७.४ दाखवले. वायरमनने प्रोब पुन्हा दाबून पाहिले, तेच. पॅनलच्या पाठीवरच्या जंक्शन बॉक्सची एक कड किंचित पिवळी पडली होती. बॉक्स उघडला नाही, कारण वॉरंटी गेली असती. सिरियल नंबर, मीटरचा फोटो आणि आलेख कंपनीला पाठवले. तो पॅनल काढून सातांवरच स्ट्रिंग चालू ठेवली. इन्व्हर्टरच्या किमान व्होल्टेजच्या वर होतो, म्हणून चाललं.

एक शंका मात्र राहिली होती. त्याच विजेने दुसरा एखादा डायोड शॉर्ट न होता उघडा पडला असेल, तर मल्टिमीटरला तो कळणार नाही. मग सावली पडल्यावर करंटला वाट मिळत नाही आणि झाकलेला सेल तापून करपतो. म्हणून सिस्टिम चालू असताना प्रत्येक गटातला एक सेल पुठ्ठ्याने काही सेकंदच झाकला आणि मुलाला खाली इन्व्हर्टरचा आकडा वाचायला बसवलं. प्रत्येक वेळी व्होल्टेज ११ ने उतरलं, करंट टिकून राहिला. एकवीसच्या एकवीस डायोड शाबूत निघाले.